दुसरा फोन

गेल्या जुलैमधल्या एका रविवारी दुपारी माझा भाचा जेवायला आला होता. हात धुऊन झाल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मावशी, एवढं वाच. पाठवून देऊ का?" हिंजवडीतल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचे काम करतो. दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर स्वीकारून त्याने पंधरा दिवसांपूर्वी राजीनामा दिला होता, आणि आता त्याच्याच कंपनीने त्याला थांबवण्यासाठी पगारवाढ आणि नवे काम देऊ केले होते, म्हणजे काउंटर ऑफर दिली होती. त्याने थांबायचे जवळजवळ ठरवले होते. ज्या रिक्रूटरने त्याला नवी नोकरी मिळवून दिली, तिच्यासाठी त्याने लिहिलेला मजकूर असा होता: काही वैयक्तिक कारणांमुळे मला जॉइन होता येणार नाही, क्षमस्व. मजकूर अजून पाठवलेला नव्हता. मी बोटाने वर सरकवत गेले. तिचे आदल्या दिवशीचे वाक्य होते, "सर, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आला का?" त्याच्या वर, मुलाखतीच्या दिवशी कोणत्या गेटने आत जायचे, सोबत कोणते ओळखपत्र ठेवायचे, तिसऱ्या फेरीतले साहेब प्रकल्पांविषयी खोलात विचारतात तेव्हा जुनी टिपणे एकदा चाळून जा, असे सगळे होते. पगाराची बोलणी चालू होती त्या दिवशी रात्री सव्वादहा वाजता तिने लिहिले होते, "अजून पन्नास हजार वाढवून मागते, झोपू नका." त्याखाली हे "वैयक्तिक कारण" मला कसेसेच वाटले.

मी स्वतः काही वर्षे कर्वे रस्त्याजवळच्या एका छोट्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीत काम केले आहे, त्यामुळे असा निरोप पलीकडे कुठे आणि कसा पोहोचतो, हे मी पाहिलेले आहे. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खालच्या अमृततुल्यातून येणारा उकळत्या चहाचा वास, दिवसभर कानाला लावून घाम धरलेले हेडफोनचे काळे स्पंज, आणि भिंतीवर एक पांढरा बोर्ड. बोर्डावर उमेदवाराचे नाव, क्लायंटचे, म्हणजे माणूस हव्या असलेल्या कंपनीचे नाव आणि जॉइनिंगची तारीख. ऑफर निघाली की नाव निळ्या शाईने चढायचे आणि माणूस प्रत्यक्ष कामावर रुजू झाला की त्याच नावापुढे हिरवी खूण व्हायची. निळ्या नावांना पैशाच्या हिशेबात काहीच किंमत नसायची, कारण या धंद्यात साधारण पद्धत अशी आहे की कन्सल्टन्सीला उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम मिळते आणि तीही माणूस रुजू झाल्यावर. 8.33 टक्के हा आकडा या व्यवसायात सर्वांच्या तोंडी असतो, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. माझ्या भाच्याला 18 लाखांची ऑफर होती, म्हणजे त्या हिशेबाने तिच्या कचेरीचे सुमारे दीड लाख रुपये. रुजू झाल्यावर बिल जाते, बिलाचे पैसे यायला आणखी महिना-दोन महिने जातात, आणि पहिल्या 90 दिवसांत माणूस सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो, असेही बहुतेक करारांत लिहिलेले असते. रिक्रूटर मुलीचा स्वतःचा इन्सेंटिव्हही त्या हिरव्या खुणेला बांधलेला असतो. त्यामुळे कोणी "येत नाही" म्हणाला की आमच्याकडे बोलण्याआधी कोणीतरी उठून तळहाताने ते निळे नाव पुसायचे. डस्टर जवळ असला तरी तळहातानेच, आणि मग दुपारभर हाताला ती शाई असायची.

पण पैसे बुडाल्याचा राग आम्हाला फार दिवस टिकवून ठेवता यायचा नाही. उमेदवार गळणे हा या कामाचा भागच आहे, आणि त्यात पुष्कळ जण काउंटर ऑफरमुळे थांबतात, हे पहिल्या वर्षातच अंगवळणी पडते. मनात राहायचे ते वेगळे. उमेदवाराचा फोन ठेवल्यानंतर आम्हाला लगेच दुसरा फोन करावा लागायचा, क्लायंटला.

त्या दुसऱ्या फोनचा विचार उमेदवाराच्या मनात सहसा येत नाही.

क्लायंटकडच्या एचआरच्या बाई पहिला प्रश्न विचारायच्या, "का?" आणि त्यांनाही ते कुतूहल म्हणून नको असायचे, कारण त्यांना पुढे ज्या विभागाला माणूस हवा होता त्या साहेबांना उत्तर द्यायचे असायचे. पगार कमी पडला का, अंतर लांब पडले का, मुलाखतीत कोणी वाकडे बोलले का, की उमेदवार सुरुवातीपासून नुसता भाव वाढवून घेत होता आणि तुम्हाला ते ओळखता आले नाही? या शेवटच्या शंकेत रिक्रूटरची पत जाते. "वैयक्तिक कारण" एवढेच हातात असले की ती त्या फोनवर उघडी पडते. तिला वाटते की घरी कोणी आजारी असेल, म्हणून ती क्लायंटकडे जॉइनिंगची तारीख पुढे ढकलून मागते, आणि क्लायंट ती देतोही. मग उमेदवार फोन उचलणे बंद करतो. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस त्याच जुन्या कंपनीत बढती मिळाल्याचे लिंक्डइनवर झळकते आणि ते क्लायंटकडच्या बाईंनाही दिसते. त्या दिवशी उमेदवाराचे नाव कायमचे बाद होते. कारण तो थांबला हे नसते. त्याच्यामुळे रिक्रूटर आपल्या क्लायंटपुढे खोटी ठरली, हे असते. म्हणून मी भाच्याला म्हटले की तू तिला पैसे देऊ शकत नाहीस, तिची हिरवी खूणही देऊ शकत नाहीस, पण दुसऱ्या फोनवर तिला जसेच्या तसे सांगता येईल असे एक खरे वाक्य मात्र देऊ शकतोस, आणि ते वेळेत देऊ शकतोस.

वेळेचे गणित मी त्याला कागदावर मांडून दाखवले. त्याचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा, म्हणजे नवी कंपनी त्याची सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाट पाहणार. तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला साधारणपणे नकार कळवलेला नसतो. त्याला "होल्डवर" ठेवलेले असते, आणि तो बिचारा अजून आशेवर असतो. आज, राजीनाम्यानंतर पंधरवड्याने, नकार कळला तर तो दुसरा माणूस अजून हाताशी असण्याची शक्यता बरीच आहे. हाच नकार सप्टेंबरमध्ये, रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात कळला, तर कंपनीचे दोन महिने गेले, दुसरा उमेदवार तोवर कुठेतरी लागला, आणि नव्याने जो सापडेल त्याचाही दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड वर. म्हणजे तोच नकार, पण एका ठिकाणी पंधरा दिवसांचे नुकसान आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या वर्षाचे. रिक्रूटर हा फरक कधीही विसरत नाही.

तरीही त्या रविवारी त्याने तिला अंतिम नकार कळवावा, असे मी म्हटले नाही. कारण त्याच्या हातात तोवर काहीच नव्हते. साहेबांनी गुरुवारी केबिनमध्ये बोलावून, "तू काळजी करू नको, आम्ही बघतो" असे सांगितले होते आणि मंगळवारपर्यंत पत्र देतो म्हणाले होते. तोंडी आश्वासनावर नवी नोकरी सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना पत्रात मिळते ते "पुढच्या एप्रिलच्या अप्रेझलमध्ये विचार केला जाईल" एवढेच. सुधारित पगाराचे पत्र, त्यात तो पगार कोणत्या तारखेपासून लागू हे स्पष्ट लिहिलेले, आणि पोर्टलवर राजीनामा मागे घेतल्याची मंजुरी, या दोन गोष्टी हातात येईपर्यंत काउंटर ऑफर ही ऑफर नसते. दुसरी गोष्ट तर सर्रास राहून जाते. साहेब खूश असतात, उमेदवार खूश असतो, आणि यंत्रणेत शेवटच्या दिवसाची तारीख तशीच पडून राहते, मग महिनाअखेरीस पगार अडकतो तेव्हा सगळे जागे होतात.

म्हणजे अडचण खरी होती. पक्के व्हायच्या आत सांगायचे तर पायाखालचे काढून घेतल्यासारखे होणार, आणि पक्के होईपर्यंत गप्प बसायचे तर तिने विचारलेल्या सरळ प्रश्नाला खोटे उत्तर द्यावे लागणार. राजीनामा मंजूर झाला का, हा रिक्रूटरचा प्रश्न कधीच नुसता औपचारिक नसतो. काउंटर ऑफर आली आहे का, हेच ती त्या आडून विचारत असते, कारण मंजुरीचा मेल लांबला की आत काहीतरी बोलणी चालू आहेत हे तिला अनुभवाने ठाऊक असते. माझे मत असे पडले की अशा वेळी अर्धा निर्णयसुद्धा खराच सांगावा, फक्त त्याला एक दिवस बांधून द्यावा. त्याने तो मजकूर पुसला आणि लिहिले, "मॅडम, मंजुरी अजून आलेली नाही. कंपनी मला थांबवण्याविषयी बोलत आहे. मी अजून काही ठरवलेले नाही. बुधवारी सकाळी अकराच्या आत फोन करून नक्की सांगतो." तिचे उत्तर पाच मिनिटांत आले, "सांगितलंत ते बरं केलंत, सर." त्यापुढचे दोन दिवस तिने काय केले असेल, हे मला न सांगताही कळत होते. तिने त्या दुसऱ्या उमेदवाराला एक साधा, काहीही न कबूल करणारा फोन केला असणार, त्याची सध्या काय परिस्थिती आहे ते पाहिले असणार. मीही हेच केले असते.

मंगळवारी दुपारी पत्र आले. आकड्यांकडे पाहताना आम्हा दोघांना थोडे आश्चर्य वाटले. त्याचा जुना पगार 14 लाख होता, नवी ऑफर 18 लाखांची, आणि कंपनीने देऊ केले ते 16.5 लाख, म्हणजे वरकरणी दीड लाख कमीच. पण नव्या ऑफरमधले 2 लाख व्हेरिएबल होते, कंपनीच्या आणि त्याच्या कामगिरीवर अवलंबून, तर इथले सगळे 16.5 लाख निश्चित होते, आणि शिवाय ज्या प्रकल्पावर जायचे म्हणून तो गेली दोन वर्षे धडपडत होता त्यावर 1 ऑगस्टपासून नेमणूक, असे पत्रात लिहिलेले होते. मला स्वतःला त्याने जावे असे वाटत होते, हे मी लपवणार नाही. राजीनामा दिल्यावरच ज्यांना आपल्या माणसाची किंमत कळते, त्यांच्याविषयी माझ्या मनात थोडी अढी राहतेच. पण नोकरी त्याची होती, आणि निर्णय त्याने डोळसपणे घेतला होता.

फोन करण्यापूर्वी मी त्याला एकच प्रश्न विचारला. तिने जर विचारले, की क्लायंटने 17.5 लाख निश्चित दिले तर याल का, तर काय सांगशील? तो घुटमळला. मी म्हटले, हे उत्तर ठरल्याशिवाय फोन करू नकोस. कारण पहिला नकार सहसा माफ होतो, दुसरा होत नाही. उमेदवाराने नुसता आकडा सांगितला की रिक्रूटरच्या कानाला ती बोलणीच वाटते, आणि त्यात तिचे चुकत नाही. ती क्लायंटकडे जाते, क्लायंटच्या एचआरच्या बाई विभागाच्या साहेबांकडे जातात, साहेब आपला शब्द खर्च करून फायनान्सकडून वाढीव मंजुरी आणतात, आणि मग उमेदवार म्हणतो की नाही, मी थांबतोच आहे. आता तोंडघशी एकटी रिक्रूटर पडत नाही, चार माणसे पडतात, आणि त्या चौघांच्याही लेखी तो माणूस सौदेबाज ठरतो, जरी त्याच्या मनात तसे काही नसले तरी. म्हणून जर खरोखरच आणखी पैशांसाठी जायचे असेल, तर तसे स्वच्छ सांगून आकडा मागावा, तो मिळाला तर जावे. आणि जायचे नसेल तर आकडा सांगूच नये, आणि वाढवून मागू नका हे आपणच आधी सांगून टाकावे. तो रात्रभर विचार करून म्हणाला, "मावशी, पैशासाठी नाही जाणार आता. काम मिळालं मला."

बुधवारी सकाळी साडेदहाला त्याने फोन केला. संध्याकाळी त्याने मला सगळे पुन्हा बोलून दाखवले, ते साधारण असे होते. "मॅडम, दोन मिनिटं बोलू शकाल का? मी ही नोकरी घेत नाही आहे. माझ्या कंपनीने पगार वाढवला आणि मला हवं होतं ते काम लेखी दिलं, म्हणून मी थांबतो आहे. निर्णय पक्का आहे, रक्कम वाढवली तरी बदलणार नाही, तेव्हा माझ्यासाठी त्यांच्याकडे पुन्हा मागणी करू नका. तुमच्या क्लायंटबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही, हे तुम्ही माझ्या नावाने सांगा. तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं की मी लेखी मेल पाठवतो." पलीकडे काही क्षण शांतता आणि मागे कुणाचा तरी दुसरा फोन चालू असल्याचा आवाज. मग तिने विचारले, "सर, पत्र हातात आलंय ना? नुसत्या शब्दावर नाही ना थांबलात?" त्यानंतर तिने जे प्रत्येक रिक्रूटर म्हणतो तेही म्हटले, की असे थांबलेले लोक वर्षाच्या आत पुन्हा आमच्याकडेच येतात. तो वाद घालत बसला नाही. आपल्या कंपनीची बाजू मांडण्याची ती वेळ नसते, आणि ती मुलगी त्या क्षणी आपले नुकसान पचवत असते, तेव्हा तिला एक टोचणारे वाक्य बोलू द्यावे.

शेवटच्या वाक्यातला क्रम मी त्याला मुद्दाम घालून दिला होता. ऑफर लेटर क्लायंटच्या पोर्टलवरून आलेले असते आणि नकाराचे बटणही तिथेच असते. संकोचापोटी पुष्कळ लोक रिक्रूटरला टाळून थेट तिथे नकार नोंदवतात किंवा क्लायंटच्या एचआरला मेल करतात. मग आपलाच उमेदवार गेला हे रिक्रूटरला क्लायंटच्या तोंडून कळते, आणि त्याइतकी मान खाली घालायला लावणारी गोष्ट या कामात दुसरी नाही. आधी तिला फोन, मग तिचा क्लायंटला फोन, मग आपला मेल आणि पोर्टलवरची नोंद, पण हे सगळे एकाच दिवशी. तिने दुपारी दीडला "बोलले" एवढेच लिहिले, आणि त्याने लगेच मेल केला. मेलमध्ये फोनवरचीच तीन वाक्ये होती, एकही जास्त नाही. कारण तो मेल ती पुढे पाठवणार होती आणि त्यात रकमा, कंपनीतले राजकारण किंवा लांबलचक दिलगिरी असती तर ती सगळ्यांनी वाचली असती. नव्या कंपनीकडून त्याने जॉइनिंग बोनस किंवा नोटीस पिरियडच्या भरपाईचे पैसे घेतलेले नव्हते. घेतले असते तर ते कधी आणि कसे परत करणार हे पहिल्याच मेलमध्ये लिहावे लागले असते.

सगळे जमून आले असे मात्र मला म्हणायचे नाही. विभागाच्या साहेबांशी मी स्वतः बोलू का, असे त्याने रिक्रूटरला विचारले होते. साहेबांनी कळवले, गरज नाही. स्वीकारलेली ऑफर नाकारणाऱ्याचे नाव काही कंपन्या आपल्या नोंदीत ठेवतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षे त्याला मुलाखतीला बोलावत नाहीत. ते दार त्याच्यापुरते बहुधा लागलेच असेल, आणि ते कितीही नीट बोलले तरी उघडे राहीलच असे नाही. रिक्रूटरशी असलेला संबंध आणि त्या कंपनीशी असलेला संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या हातात मुख्यतः पहिलीच असते. तिच्या वरिष्ठांचाही त्याच संध्याकाळी फोन आला, आवाज चढलेला होता, "तुम्ही आमचा दीड महिना वाया घालवलात" वगैरे. त्याने तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा सांगितले. माझ्या जुन्या कचेरीतले आमचे साहेबही असाच फोन करायचे, आणि तो अर्धा उमेदवारासाठी तर अर्धा शेजारी बसलेल्या आम्हा मुलींसाठी असायचा.

दोन दिवसांनी त्याला वाटू लागले की तिला भरपाई म्हणून दोन-चार मित्रांची नावे द्यावीत. मी त्याला थोडे थांबवले. नकारासोबत लगेच नावे देणे हे लाच दिल्यासारखे दिसते, ज्याचे नाव देतो त्याला विचारलेले नसते, आणि आपल्याच टीममधल्या माणसाचे नाव देणे तर कालच जिने पगार वाढवून आपल्याला थांबवले त्या कंपनीशी सरळ वागणे नव्हे. पुढच्या आठवड्यात त्याने कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला आधी विचारले. ती खरोखरच नोकरी शोधत होती, आणि तिच्या होकारानंतरच तिचा नंबर कळवला. त्या जागेसाठी तिची निवड झाली नाही, पण रिक्रूटरने तिला दुसऱ्या दोन ठिकाणी पाठवले.

ती मूळची जागा ऑगस्टमध्ये भरली, होल्डवर ठेवलेल्या त्या दुसऱ्या उमेदवाराने. हे त्याला तिनेच कळवले. दिवाळीनंतर तिचा पुन्हा फोन आला, कंपनीने दिलेले शब्द पाळले का हे विचारायला. चांगली रिक्रूटर तीन-चार महिन्यांनी हा फोन करतेच. भाच्याने तिला सरळ सांगितले की पगार वेळेवर वाढला, प्रकल्पही मिळाला, पण सोबत द्यायची कबूल केलेली दोन माणसे अजून मिळालेली नाहीत, आणि एप्रिलच्या अप्रेझलपर्यंत तो कुठलीही मुलाखत देणार नाही. तिने विचारले, "मग मेमध्ये फोन करू?" तो म्हणाला, "करा, पण तेव्हाही शोधत नसेन तर पहिल्याच मिनिटाला सांगेन." तिने तारीख टिपून घेतली आणि मग बोलता बोलता त्याच्याच क्षेत्रातल्या एका नव्या जागेचे वर्णन वाचून दाखवले, त्यात मागितलेला सात वर्षांचा अनुभव या कामाला खरेच लागतो का, हे तिला त्याच्याकडून समजून घ्यायचे होते. पाऊण तास ते दोघे त्याच विषयावर बोलत होते.